शेवटचं प्रकरण: 47 निष्कर्षांतून एक उत्तर कसं काढायचं

गेल्या मे महिन्यात एक विद्यार्थिनी ऐरोलीहून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडून ठाण्याला माझ्या घरी आली. पिशवीत प्रबंधाच्या सहा प्रकरणांची प्रिंट आणि सातव्याची अकरा पानं होती. त्या अकरा पानांत ओळीने 47 निष्कर्ष होते आणि शेवटी 14 शिफारशी. "मॅडम, गाईड म्हणाले की हे प्रकरण होत नाहीये. पण सगळं तर लिहिलंय," ती म्हणाली. खरोखरच तिने सगळं लिहिलं होतं. पण या सगळ्यातून आता आपल्याला काय कळलं, एवढं एक त्यात नव्हतं.

मी तिला दोष देऊ शकत नव्हते, कारण माझ्या स्वतःच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण मी असंच लिहिलं होतं. सबमिशनच्या तारखेआधी आठ दिवसांत, आधीच्या प्रकरणांच्या शेवटचे परिच्छेद उचलून एकाखाली एक मांडले. व्हायवामध्ये बाह्य परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर दोन वाक्यांत सांगा." मला सांगता आलं नाही. पाच वर्षं ज्या विषयात घालवली त्याचं उत्तर मी कधी एका जागी लिहूनच पाहिलं नव्हतं.

तिच्या प्रबंधावर आम्ही पुढचे तीन शनिवार बसलो. त्या कामातूनच ही पद्धत सांगते. तिच्या परवानगीने लिहितेय. ओळख पटू नये म्हणून गावांची नावं काढली आहेत आणि आकडे बदलले आहेत, त्यामुळे ते कुठे उद्धृत करू नका. लिहिण्याची रीत दाखवण्यापुरतेच ते इथे आहेत.

तिचा विषय

ठाण्याच्या खाडीकाठची दोन गावं. तिथल्या कोळी आणि आगरी कुटुंबांतल्या बायका पूर्वी ओहोटीला चिखलात उतरून चिंबोऱ्या, निवट्या, कालवं काढायच्या आणि तेच बाजारात विकायच्या. 1973 मध्ये वाशीचा पूल झाला, मग नवी मुंबई उभी राहिली, रस्ते आणि कंपन्यांच्या भिंती आल्या, 2015 मध्ये खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला. या सगळ्या काळात या बायकांच्या कामाचं काय झालं, हा तिचा प्रश्न. 38 मुलाखती, दोन बाजारांतलं निरीक्षण. चौथं प्रकरण खाडीवर, पाचवं बाजारावर, सहावं घरावर. प्रत्येक प्रकरण आपापल्या जागी नीट लिहिलेलं होतं. गोची अशी की तिन्ही प्रकरणं एकमेकांशी बोलतच नव्हती.

पहिलं काम: प्रकरणं मिटून उत्तर लिहा

सगळी प्रिंट बाजूला ठेवून तिला कोरा कागद दिला. पहिल्या प्रकरणातले संशोधन प्रश्न जसेच्या तसे उतरवायचे आणि प्रत्येकाखाली, काहीही न उघडता, एका वाक्यात उत्तर लिहायचं. आकडे आठवत नसतील तर नकोत. "अभ्यास केला गेला", "चर्चा केली आहे" असली क्रियापदं चालणार नाहीत, कारण ती काय केलं ते सांगतात, काय सापडलं ते सांगत नाहीत.

या अर्ध्या तासात जवळपास प्रत्येकाला एक गोष्ट सापडते: विचारलेला प्रश्न आणि दिलेलं उत्तर जुळत नाहीत. तिचा पहिला प्रश्न होता, "खाडीच्या ऱ्हासाचा महिलांच्या उपजीविकेवर काय परिणाम झाला?" आणि तिने लिहिलेलं उत्तर होतं, "ज्यांना बाजारात जागा होती त्या टिकल्या." हे खाडीबद्दलचं उत्तरच नाही. क्षेत्रकामात प्रश्न सरकलेला होता आणि पहिलं प्रकरण चार वर्षांपूर्वीच्या रूपरेषेत अडकून पडलं होतं.

असं झालं तर शेवटच्या प्रकरणात ओढाताण करू नका. पहिल्या प्रकरणात प्रश्न कसा बदलला ते दोन-तीन वाक्यांत प्रामाणिकपणे लिहा आणि प्रश्नाची भाषा सुधारा. तिने "ऱ्हासाचा परिणाम" काढून "खाडी आणि बाजार यांच्याशी असलेल्या नात्यात झालेले बदल" असं केलं. विद्यापीठाकडे नोंदवलेलं शीर्षक बदलायला परवानगी लागते, पण आतल्या प्रश्नांची भाषा मार्गदर्शकांच्या संमतीने नेमकी करता येते.

दुसरं काम: निष्कर्ष वाक्यात लिहा आणि टेबलावर पसरा

47 निष्कर्षांच्या आम्ही चिठ्ठ्या केल्या. एका चिठ्ठीवर एक निष्कर्ष, प्रकरण आणि पान क्रमांकासह. अट एकच: चिठ्ठीवर पूर्ण विधान हवं. "बाजारातील समस्या" हा विषय झाला. "स्वतःची बसायची जागा नसलेल्या बाईला रोज सकाळी जागेसाठी दुसरीची मिनतवारी करावी लागते" हा निष्कर्ष झाला. ही अट लावल्याबरोबर 47 मधल्या 11 चिठ्ठ्या गळाल्या, कारण त्या नुसती शीर्षकं होती. आणखी 9 चिठ्ठ्यांवर "महिलांचं शिक्षण कमी आहे" अशी नमुन्याची ओळख होती. ती तिसऱ्या प्रकरणात आलेली होती, तिला निष्कर्ष म्हणायचं कारण नव्हतं. उरल्या 27.

आता या चिठ्ठ्या प्रकरणांच्या क्रमाने लावायच्या नाहीत. दोन चिठ्ठ्या उचलायच्या, एक चौथ्या प्रकरणातली आणि एक पाचव्यातली, आणि स्वतःला विचारायचं: ही दोन्ही खरी असतील तर एकीमुळे दुसरी समजते का? की या दोघी भांडतात? की दोघी एकच गोष्ट सांगतात? एकच सांगत असतील तर एकीवर दुसरी ठेवायची. भांडत असतील तर मात्र लाल पेनने रेघ ओढून जपून ठेवायच्या, कारण प्रबंधातलं सोनं बहुतेक वेळा तिथेच असतं.

तिच्या दोन चिठ्ठ्या अशा भांडल्या. चौथ्या प्रकरणातली सांगत होती: पहिलं गाव अजून पाण्याला लागून आहे, दुसऱ्या गावाची चिखलाकडची वाट रस्त्याने तोडली आहे. पाचव्या प्रकरणातली सांगत होती: मासळीच्या धंद्यात अजून असलेल्या बायका पहिल्या गावात 20 पैकी 11, दुसऱ्यात 18 पैकी 12. म्हणजे खाडी जवळ असलेल्या गावात धंदा अधिक टिकलेला नव्हता, उलट किंचित कमीच. प्रबंधभर गृहीत धरलेलं होतं की खाडी दुरावली म्हणून धंदा सुटला. आणि ही दोन तथ्यं 60 पानांच्या अंतरावर असल्याने कधी शेजारी आलीच नव्हती.

मग आम्ही तिसरी चिठ्ठी शोधली. धंद्यात असलेल्या 23 जणींपैकी 19 जणींना बाजारात ठरलेली जागा होती, स्वतःची किंवा सासू-मावशीची. धंदा सोडलेल्या 15 जणींपैकी फक्त चौघींना. ती बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मॅडम, हे तर मला माहीतच होतं." माहीत होतं, पण प्रबंधात कुठेही लिहिलेलं नव्हतं.

तिसरं काम: सारांश आणि सांगड यांतला फरक

इथेच सगळ्यात जास्त वेळ द्या. तिच्या मूळ मसुद्यातला उतारा असा होता:

"चौथ्या प्रकरणात खाडीतील मत्स्यसंपदा कमी झाल्याचे दिसून आले. पाचव्या प्रकरणात महिलांना बाजारात अनेक अडचणींना सामोरे जावे लागते असे आढळले. सहाव्या प्रकरणात महिलांच्या उत्पन्नास कुटुंबात दुय्यम स्थान असल्याचे स्पष्ट झाले."

यात चूक काही नाही. पण वाक्यांची अदलाबदल केली तरी काहीच बिघडत नाही, आणि हीच सारांशाची खूण. सांगड घातलेल्या उताऱ्यात वाक्यं हलवली की अर्थ मोडतो. तिसऱ्या शनिवारी तिने लिहिलेला उतारा वाचा:

"खाडी दुरावल्याने या महिलांचे काम संपले नाही, त्याचे स्वरूप पालटले. स्वतः वेचलेला माल विकणारी बाई घाऊक बाजारातून माल घेऊन विकणारी झाली. या बदलात टिकून राहण्यासाठी खाडीचे सान्निध्य पुरेसे ठरले नाही. बाजारातील ठरलेली जागा निर्णायक ठरली. ही जागा मात्र बाजाराच्या नियमांनी मिळत नाही, ती सासूकडून सुनेकडे, मावशीकडून भाचीकडे येते. त्यामुळे बाजारात कोण टिकेल याचा निर्णय बऱ्याच अंशी घरातच होतो."

यात तिन्ही प्रकरणं आहेत, पण प्रकरणांचे क्रमांक कुठेच नाहीत. खाडीमुळे बाजार समजतो, बाजारामुळे घर समजतं. क्रमांक हवेत, पण ते कंसात, पान क्रमांकांसह, वाचकाला पुरावा तपासता यावा म्हणून. वाक्याचा कर्ता "चौथे प्रकरण" असेल तर तुम्ही सारांश लिहिताय. कर्ता बाई, जागा, खाडी असेल तर सांगड घालताय. मसुदा झाल्यावर फक्त कर्ते अधोरेखित करून पाहा, पाच मिनिटांत कळेल.

या भागाचे उपविभागही प्रकरणांवरून पाडू नका, विधानांवरून पाडा. तिचे तीन झाले: वेचणीकडून विक्रीकडे, जागा हीच भांडवल, जागेची वाट घरातून.

न जुळणाऱ्या चौघी

जागा असूनही धंदा सोडलेल्या त्या चौघींचं काय? पहिल्या झटक्यात तिने लिहिलं, "काही अपवाद वगळता". मी ते खोडायला लावलं. अपवाद वगळायचे नसतात, त्यांच्याकडे परत जायचं असतं. तिने त्या चार मुलाखतींच्या नोंदी पुन्हा काढल्या. तिघींची जागा सासूच्या नावाने चालत होती आणि सासू गेल्यावर जावांमध्ये वाद झाला होता. एकीने सांगितलं होतं, "जागा आमचीच, पण बसायची कोनी ते ठरला नाय." चौथीला गुडघ्याचं दुखणं होतं, तिचं कारण वेगळं.

या तिघींनी विधान आणखी नेमकं केलं: नुसती जागा पुरत नाही, तिच्यावरचा निर्विवाद हक्क लागतो. परीक्षक नेमके हेच अपवाद शोधतात. ते तुम्ही आधीच उलगडून ठेवले असतील तर व्हायवातली चर्चा त्यापुढच्या पातळीवर होते. एक पथ्य मात्र पाळा. नोंदींतून काढलेली अशी नवी माहिती आधी पाचव्या किंवा सहाव्या प्रकरणात घाला आणि मगच शेवटच्या प्रकरणात वापरा. निष्कर्षाच्या प्रकरणात प्रथमच दिसणारी मुलाखत किंवा आकडा ही चूकच धरली जाते.

योगदान किती आणि कसं सांगायचं

"प्रस्तुत संशोधन या क्षेत्रात मोलाची भर घालते" हे वाक्य काढून टाका. मोल परीक्षक ठरवतील. तुम्ही फक्त भर कसली ते सांगा. त्यासाठी दुसऱ्या प्रकरणाकडे परत जा, कारण योगदान नेहमी आधीच्या कुणाच्या तरी म्हणण्याच्या संदर्भात असतं. मी तीन वाक्यांचा सांगाडा देते: आधीच्या अभ्यासांनी काय मानलं होतं, या अभ्यासात काय दिसलं, त्यामुळे आधीच्या समजुतीत नेमकं काय बदलतं.

तिचं असं झालं: "दुसऱ्या प्रकरणात पाहिलेले बहुतेक अभ्यास खाडीकाठच्या समाजाच्या उपजीविकेतील बदल मुख्यतः नैसर्गिक साधनांच्या हानीतून समजावतात. या दोन गावांत खाडीच्या सान्निध्यापेक्षा बाजारातील जागेवरच्या हक्काशी धंदा टिकण्याचा संबंध अधिक ठळक दिसला. त्यामुळे साधनांच्या हानीचा अभ्यास करताना माल विकण्याच्या जागेचा आणि तिच्या वारशाचा विचार सोबत करावा लागेल, असे हा अभ्यास सुचवतो."

"सुचवतो" हा शब्द तिने तीनदा बदलला. आधी "सिद्ध करतो" होता. दोन गावं आणि 38 मुलाखती यांतून ठाणे खाडीच्या सगळ्या काठाबद्दल काही सिद्ध होत नाही. पण "कदाचित काही अंशी सूचित होऊ शकेल" इतकं मागे जाण्याचीही गरज नव्हती. त्या दोन गावांपुरतं "दिसले" आणि त्यापलीकडे "सुचवतो" अशी आम्ही वाटणी केली. "या विषयावरील पहिलाच अभ्यास" हा दावा तर टाळाच. शोधगंगेवर कुणाचा तरी प्रबंध निघतो आणि पूर्ण प्रकरणावरचा विश्वास जातो.

मर्यादा: त्या निष्कर्षाला कुठे वाकवतात ते सांगा

"वेळ व पैशाअभावी मर्यादित नमुना घेतला" यातून वाचकाला काहीच मिळत नाही. मर्यादा लिहिताना तिच्यामुळे निष्कर्ष कोणत्या बाजूला ढळतो ते लिहा. या विद्यार्थिनीने धंद्यातल्या बायका बाजारात जाऊनच शोधल्या होत्या. साहजिकच ज्यांना बाजारात जागा आहे त्या तिला जास्त भेटल्या. डोक्यावर टोपली घेऊन सोसायट्यांत दारोदार विकणाऱ्या कमी. म्हणजे 23 पैकी 19 हा आकडा जागेचं महत्त्व असेल त्याहून थोडं जास्त दाखवत असणार. हे तिने स्वतः लिहिलं. दुसरी मर्यादा: सगळ्या मुलाखती नोव्हेंबर ते फेब्रुवारीतल्या होत्या, त्यामुळे पावसाळ्याचं चित्र त्यात नाही. दोनच मर्यादा, पण दोन्ही कामाच्या, कारण पुढचा भाग त्यांच्यातूनच निघतो.

पुढचं संशोधन: दुसऱ्याला उद्या सुरू करता येईल असं लिहा

मूळ मसुद्यात होतं: "भविष्यात इतर जिल्ह्यांतील महिलांवर असा अभ्यास करता येईल." असं वाक्य कुठल्याही प्रबंधाला लावता येतं. त्यापेक्षा दोन-तीनच प्रस्ताव द्या आणि प्रत्येकात पाच गोष्टी ठेवा: प्रश्न, तो कुठल्या निष्कर्षातून किंवा मर्यादेतून आला, कोण आणि कुठे, माहिती कशी गोळा करायची, आणि काय सापडलं तर काय ठरेल. पाचवी गोष्ट लिहिता आली नाही, तर प्रस्ताव अजून पिकलेला नाही असं समजा.

त्या तिघींच्या घरांतल्या जावांच्या वादातून तिचा पहिला प्रस्ताव आला. एका बाजारातल्या सगळ्या मासळी विक्रेत्यांची, गाव कुठलंही असो, जागानिहाय नोंद करायची आणि प्रत्येक जागेवर याआधी बसलेल्या तीन बायका कोण, जागा कशी हातात आली, हे विचारायचं. रिकाम्या पडलेल्या जागांमागे बहुतेक वेळा वारशाचा वाद निघाला तर तिचं विधान बळकट होईल. मुलांच्या नोकऱ्या किंवा मालाचे भाव हे कारण निघालं तर ते मागे घ्यावं लागेल. स्वतःचं विधान पाडू शकेल असा अभ्यास सुचवायला ती आधी घाबरली होती. मला वाटतं या प्रकरणातला सगळ्यात भक्कम परिच्छेद तोच आहे.

दुसरा प्रस्ताव ऋतूच्या मर्यादेतून. जून-जुलैमध्ये यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी असते आणि घाऊक बाजारात ताजी मासळी कमी येते. त्या दोन महिन्यांत त्याच 23 जणींकडे दर आठवड्याला जाऊन माल कुठून आला एवढंच नोंदवायचं. पावसाळ्यात खाडीतला माल पुन्हा टोपलीत दिसू लागला, तर "वेचणीकडून विक्रीकडे" हा बदल बारमाही नसून हंगामी आहे असं म्हणावं लागेल. दारोदार विकणाऱ्या बायकांवरचा तिसरा प्रस्ताव तिने चार ओळींत आटोपला, तेवढा पुरे होता.

शिफारशी हा वेगळा भाग, त्याची सरमिसळ नको. शिफारस कृती करणाऱ्याला असते, पुढील संशोधन अभ्यासकाला. 14 पैकी आम्ही दोनच ठेवल्या, कारण "शासनाने जनजागृती करावी" यामागे तिच्या प्रबंधात पुरावाच नव्हता. ठेवलेल्यांपैकी एक अशी: पथविक्रेता अधिनियम 2014 खाली महापालिकेची जी नगर पथविक्रेता समिती असते, तिने बाजाराबाहेर बसणाऱ्या मासळी विक्रेत्यांची नोंद करताना घरच्या नावाऐवजी प्रत्यक्ष बसणाऱ्या बाईचं नाव धरावं. कुणी, काय, कशाच्या आधारावर, तिन्ही त्यात आहे.

लांबी, क्रम आणि शेवटची तपासणी

अडीचशे पानांच्या प्रबंधाला 15 ते 20 पानं पुरतात. पहिल्या पानावर प्रश्न आणि त्याचं थेट उत्तर, मग सांगड, मग योगदान, मर्यादा, पुढचं संशोधन, शिफारशी. निम्म्याहून थोडी कमी पानं सांगडीला जातील, ते योग्यच आहे. काही विभागांत "निष्कर्ष व शिफारशी" हे शीर्षक आणि क्रमांकित निष्कर्ष सक्तीचे असतात. तिथे सांगड आधी लिहा आणि क्रमांकित यादी तिच्यानंतर, दीड-दोन पानांत.

शेवटी पहिलं आणि शेवटचं प्रकरण, एवढीच दोन, विषयाबाहेरच्या पण मराठी नीट वाचणाऱ्या माणसाला द्या. तिने तिच्या मोठ्या दिराला दिलं, ते पोस्टात आहेत. वाचून झाल्यावर त्यांना विचारलं की काय सापडलंय यात. ते म्हणाले, "खाडी जवळ असून भागत नाही, बाजारात हक्काची जागा लागते, आणि ती घरातून मिळते." तिसऱ्या विभागात त्यांना "उपजीविका रणनीती" हा शब्द दोनदा अडला, तो तिने काढला. मग दोन्ही प्रकरणांची सुधारलेली प्रत एकत्र, कंसातले पान क्रमांक नव्या पानांप्रमाणे जुळवून, तिने मार्गदर्शकांकडे पाठवली.